फास्टॅगमधून चुकीचा टोल कापला गेला का, हे कसं तपासायचं?

प्रश्न: शनिवारी कारने पुण्याहून कोल्हापूरला गेलो, रविवारी परत आलो. येताना काही नाक्यांवर निम्मे पैसे गेले, काहींवर पूर्ण. एसएमएस तर भलत्याच वेळेला आलेत. जास्तीचे पैसे कापले गेलेत का, आणि गेले असतील तर परत कसे मिळवायचे?

उत्तर: एसएमएस आधी बाजूला ठेवा. तो पैसे वळते झाल्यावर येतो, आणि नाक्याचं नेटवर्क बंद असेल तर ही नोंद बँकेकडे काही तासांनीसुद्धा पोचते. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्या फास्टॅग पोर्टलवर जाऊन स्टेटमेंट डाउनलोड करा. रिचार्ज दुसऱ्या अ‍ॅपवरून करत असलात तरी स्टेटमेंट बँकेचंच घ्या, कारण रिचार्जच्या अ‍ॅपमध्ये बऱ्याचदा फक्त रक्कम दिसते. स्टेटमेंटमध्ये नाक्याचं नाव, व्यवहार क्रमांक आणि टॅग वाचल्याची वेळ (`Reader Read Time`) बघा. पैसे वळते झाल्याची वेळ वेगळी असते, तिच्यावरून हिशेब केलात तर घोळ होणारच.

आता निम्म्या-पूर्णचा प्रश्न. राष्ट्रीय महामार्गावर त्याच नाक्यावरून २४ तासांच्या आत परतलात तर जाण्यायेण्याचा मिळून दीडपट टोल बसतो. म्हणजे जाताना १०० रुपये गेले असतील तर येताना ५०. फास्टॅगमध्ये ही सवलत आपोआप लागते. मात्र हे २४ तास घरातून निघाल्यापासूनचे नव्हेत, प्रत्येक नाक्याचे वेगळे मोजायचे.

समजा, शनिवारी खेड-शिवापूर ६:५०, आनेवाडी ८:०५, तासवडे ९:०५ आणि किणी १०:०५ ला ओलांडलं. रविवारी परतताना किणी ७:३०, तासवडे ८:३०, आनेवाडी ९:३०, खेड-शिवापूर १०:४५. किणीला २१ तास २५ मिनिटं झाली, तासवड्याला २३ तास २५ मिनिटं, म्हणून दोन्हीकडे निम्मा टोल. आनेवाडीला मात्र २५ तास उलटून गेले, खेड-शिवापूरला त्याहून जास्त. तिथे पूर्ण टोल बरोबरच आहे. तुमच्या वेळा अशाच काहीशा असतील तर तक्रारीला जागा नाही. या वेळांचा तक्ता कागदावर मांडला की निम्म्या शंका तिथेच मिटतात. नाक्याचे चालू दर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या `tis.nhai.gov.in` वर मिळतात, जुन्या पावतीवरून ताडून पाहू नका.

खरी चूक वेगळी दिसते. एकाच नाक्याच्या दोन नोंदी, त्याच दिशेच्या आणि काही मिनिटांच्या अंतराने, असतील तर दुबार कापलंय. कधीही न ओलांडलेला नाका दिसला तर बहुधा टॅग वाचला न गेल्याने कर्मचाऱ्याने दुसऱ्याच कुणाच्या गाडीचा क्रमांक हाताने टाकताना एखादा आकडा चुकवला आणि तो तुमच्या गाडीशी जुळला. गाडी दारात उभी असताना टोल जातो तो असाच. आणि रक्कमच दरापेक्षा जास्त असेल तर वाहनाचा वर्ग पाहा: कारसाठी `VC4` हवा. `VC5` म्हणजे हलकं मालवाहू वाहन, त्याचा टोल जास्त. कधी आधी बरोबर रक्कम जाते आणि नंतर त्याच व्यवहाराच्या नावाने फरकाची दुसरी कपात येते, तेव्हा नाक्यावरच्या यंत्राने गाडीचा वर्ग वेगळा धरलेला असतो. अशा वेळी बँकेकडे नाक्यावरचा फोटो मागा. तुमची कार त्यात स्वच्छ दिसत असेल तर वाद उरतच नाही.

तक्रार बँकेच्या पोर्टलवरच त्या विशिष्ट व्यवहारावर नोंदवा. नुसतं "पैसे जास्त गेले" असं लिहिलं की ती फिरत राहते. व्यवहार क्रमांक, नाका, वाचनाची वेळ, कापलेली आणि अपेक्षित रक्कम, आणि कारण एका ओळीत द्या. बँक ती नाक्याच्या बँकेकडे पाठवते, तिथून एकतर पैसे परत येतात किंवा पुराव्यासह नकार येतो. गाडी दुसरीकडे होती हे दाखवायला त्या वेळेची पार्किंगची किंवा पेट्रोलची पावती, किंवा गुगल मॅप्सची टाइमलाइन जोडा. रोख भरूनही टॅगमधून गेले असतील तर नाक्याची पावती लागेल, ती टाकून देऊ नका.

नाका राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असेल तर सोबत १०३३ वर फोन करा किंवा `falsededuction@ihmcl.com` वर हीच माहिती पाठवा. चुकीच्या कपातीबद्दल तिथे नाकाचालकाला दंड होतो, म्हणून या मार्गाला वजन आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या राज्याच्या रस्त्यांसाठी मात्र बँकेकडेच जा.

वार्षिक पास घेतला असेल तर या चारही नाक्यांवर पैसे जायला नकोत, फक्त फेऱ्या कमी व्हायला हव्यात. जाऊन-येऊन प्रत्येक नाक्याच्या दोन फेऱ्या मोजल्या जातात.