वायरगार्डमधली प्रीशेअर्ड की: ठेवायची की काढायची?

प्रश्न: घरच्या रास्पबेरी पायवर पायव्हीपीएनने वायरगार्ड टाकलं. मोबाइलच्या फाइलमध्ये PresharedKey अशी एक ओळ आपोआप आलीय, यूट्यूबवाल्याच्या फाइलमध्ये ती नव्हती. त्याने नेमकं काय वाढतं आणि माझ्यासारख्या साध्या माणसाला ती लागते का?

उत्तर:

राहू द्या भाऊ, काढू नका. पण ती नसती तरी आज तुमचं काही अडलं नसतं. मी हे इतक्या ठामपणे सांगून राहिलो कारण मी स्वतः ही ओळ बदलायला गेलो आणि भर मे महिन्यात दुपारी हिंगणा एमआयडीसीतून मानेवाड्याला घरी गाडी हाणत यावं लागलं, ते पुढे सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाका. प्रीशेअर्ड की म्हणजेच पीएसके म्हटलं की आपल्याला वायफायचा पासवर्ड आठवतो, कारण राउटरमध्ये WPA2-PSK लिहिलेलं असतं. इथे तसं नाही. वायफायमध्ये तो पासवर्ड हीच तुमची ओळख असते, वायरगार्डमध्ये ओळख पटते ती प्रायव्हेट-पब्लिक कीच्या जोडीवर, पीएसके तिची जागा घेत नाही. ती फक्त `wg genpsk` ने काढलेली ३२ बाइटची रँडम गोष्ट असते, फाइलमध्ये ४४ अक्षरांची दिसते, आणि दोन्ही टोकांना तंतोतंत सारखी लागते. आणि तुम्ही ती टाकली नाही तर वायरगार्ड ती मिसळायची पायरी गाळत नाही, तिथे ३२ शून्य बाइट घालून तोच हिशोब करतो. म्हणजे स्पीड, एमटीयू, बॅटरी, कशावरच फरक पडत नाही, डेटाचं एन्क्रिप्शनही दोनदा होत नाही.

मग वाढतं काय? वायरगार्डच्या दोन टोकांमध्ये दर दोनेक मिनिटांनी हँडशेक होऊन नवीन चाव्या ठरतात, त्या Curve25519 च्या गणितावर. आजच्या कॉम्प्युटरने ते गणित फुटत नाही, पण पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर झाला तर शोरच्या पद्धतीने फुटेल हे माहीत आहे. आता भीती अशी की कोणी तुमचा ट्रॅफिक आजच भरून ठेवला, आणि पंधरा वर्षांनी तसं मशीन हाती आलं, तर हँडशेकची नोंद काढून जुनं सगळं वाचेल. पीएसके मात्र त्या गणितातून येत नाही, ती तारेवरून जातच नाही, दोन्हीकडे आधीच ठेवलेली असते. त्यामुळे त्या माणसाने Curve25519 फोडलं तरी २५६ बिटचा हा तुकडा त्याच्याकडे नसतो आणि सेशनची चावी बनत नाही. क्वांटमने अंदाज लावायचा म्हटला तरी २५६ बिटचं बळ फार तर १२८ च्या आसपास येतं, तेही भरपूर झालं.

आता खरी समजून घ्यायची गोष्ट, कारण फायदा, मर्यादा आणि माझी फजिती तिन्ही यातूनच निघतात: पीएसके हँडशेकमध्ये कुठे मिसळली जाते. हँडशेक दोन निरोपांचा असतो. मोबाइल पहिला निरोप पाठवतो, १४८ बाइटचा. सर्व्हर उत्तर देतो, ९२ बाइटचं. पीएसके मिसळते ती या दुसऱ्या निरोपात. काहून? तर सर्व्हरकडे दहा जणांच्या दहा वेगळ्या पीएसके असू शकतात, आणि दार वाजवणारा कोण हे पहिला निरोप उघडल्याशिवाय त्याला कळत नाही. आधी ओळख पटते, मग त्या माणसाची पीएसके काढून तो उत्तरात घालतो.

यातून मर्यादा निघते. पहिल्या निरोपात तुमची पब्लिक की झाकून जाते, पण त्या झाकणाला पीएसकेचा आधार नसतो. म्हणजे उद्याचा क्वांटमवाला "हा कोण होता" हे शोधू शकेल, "काय बोलला" हे नाही. दुसरी मर्यादा म्हणजे पीएसके आपोआप बदलत नाही. तुम्ही टाकली तीच वर्षानुवर्षं राहते, त्यामुळे ती कधी फुटली आणि समोरच्याकडे तसं मशीनही असलं तर साठवलेलं सगळं उघडं.

आता फजिती. घरच्या पायवर मी सगळ्यांसाठी एकच पीएसके वापरत होतो (चालतं, पण एकाचा फोन गेला की सगळ्यांचीच गेली). एक दिवस ऑफिसात बसून वाटलं की प्रत्येकाला वेगळी करू. लॅपटॉपवरून त्याच टनेलमधून पायवर एसएसएच केलं, पायवरच्या फाइलमध्ये प्रत्येकाची नवीन ओळ लिहिली, आणि चालू इंटरफेसवरही `wg set` ने बसवली. बाजूच्या खिडकीत पिंग चालू ठेवलं होतं, ते मस्त चालत राहिलं. म्हटलं झालं, चहा घेऊन येतो. येऊन बघतो तर सगळं ठप्प. नवीन पीएसके चालू सेशनला हातच लावत नाही, ती पुढच्या हँडशेकपासून लागू होते. जुन्या सेशनची चावी जास्तीत जास्त १८० सेकंद चालते, तेवढा वेळ पिंग मला खोटं खोटं सांगत होतं की सगळं ठीक आहे. लॅपटॉपच्या फाइलमध्ये मी चुकून मोबाइलवाली पीएसके चिकटवली होती.

आणि एरर म्हणाल तर शून्य. वायरगार्ड या बाबतीत मुका आहे, लॉगमध्ये आपणहून एक अक्षर टाकत नाही. घरी येऊन दोन्हीकडचा इंटरफेस एकदा बंद-चालू केला, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ठेवला, पिंग सोडलं आणि अर्ध्या मिनिटाने दोन्हीकडे `wg show` पाहिलं. पायवर हे दिसलं:

```
  preshared key: (hidden)
  endpoint: 203.0.113.45:40112
  allowed ips: 10.6.0.3/32
  transfer: 1.01 KiB received, 644 B sent
```

आणि लॅपटॉपवर:

```
  transfer: 0 B received, 1.01 KiB sent
```

(आयपी इथे नमुन्याचा टाकलाय.) आता हे आकडे वाचा. ६४४ म्हणजे ९२ गुणिले ७. सात वेळा १४८ म्हणजे १०३६ बाइट, तेच ते 1.01 KiB. लॅपटॉपने दर पाच सेकंदांनी दार वाजवलं, पायने सातही वेळा ओळखलं आणि उत्तर दिलं, पण लॅपटॉपला एकही उत्तर उघडता आलं नाही म्हणून त्याने ते मोजलंसुद्धा नाही. `latest handshake` ची ओळ दोन्हीकडे नाही. हा पीएसके न जुळल्याचा ठसा आहे. एकीकडे ओळ आहे आणि दुसरीकडे नाही, तरी हेच दिसेल, कारण रिकामी म्हणजे शून्यंवाली पीएसके.

पब्लिक की चुकलेली असती तर चित्र वेगळं असतं. पहिला निरोपच सर्व्हरने मानला नसता, आणि त्या माणसासमोर ना endpoint दिसला असता ना एक बाइट. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड नसेल तरी सर्व्हरवर तसाच सन्नाटा दिसतो. एक सावधानता: उत्तराचं पाकीट वाटेतच अडलं तरी आकडे वरच्यासारखेच येतात, त्यामुळे खात्री करायची तर लॅपटॉपवर (लिनक्स असेल तर) रूट होऊन हे करा:

```
echo module wireguard +p > /sys/kernel/debug/dynamic_debug/control
dmesg -w
```

`Invalid handshake response` दिसलं म्हणजे उत्तर पोचलंय पण उघडत नाहीये. मला तेच दिसलं, लॅपटॉपची ओळ बरोबर केली, पाच सेकंदात चालू.

आता तुम्हाला लागते का. घरचा सीसीटीव्ही बघायला किंवा कॅफेच्या वायफायवर बँकेचं काम करायला वायरगार्ड वापरत असाल तर तुमचा ट्रॅफिक पंधरा वर्षं कोणी जपून ठेवणार नाही, आणि ठेवला तरी तर्री पोह्याच्या ऑर्डरमध्ये त्याला काय सापडणार आहे. वकील, पत्रकार, पेशंटचे कागद सांभाळणारे लोक, ज्यांची आजची गोष्ट वीस वर्षांनीही गुपितच राहायला हवी, त्यांनी मात्र प्रत्येक डिव्हाइसला वेगळी पीएसके जरूर टाकावी. फोन चोरीला गेला तर पीएसके काही वाचवत नाही हेही लक्षात घ्या, ती आणि प्रायव्हेट की एकाच फाइलमध्ये शेजारी शेजारी बसलेल्या असतात. तेव्हा सर्व्हरवरून तो पीअरच उडवायचा.

आणि जर ठेवताय, तर ती फोनवर पोचते कशी तिकडे बघा. मी असे लोक पाहिले जे आख्खी कॉन्फ फाइल व्हॉट्सअॅपवर नाहीतर मेलवर पाठवतात. अहो, पीएसकेचा सगळा मुद्दाच हा की ती नेटवरून जाऊ नये, आणि ज्या माणसाची भीती तो तुमचा मेलही भरून ठेवत असेल की. पायव्हीपीएनमध्ये `pivpn -qr` दिलं की स्क्रीनवर क्यूआर येतो, फोन समोर धरून स्कॅन करा, झालं. दूर पुण्याला बसलेल्या भावाला द्यायची असेल तर तो दिवाळीला येईल तेव्हा द्या, तोपर्यंत त्याचं पीएसकेशिवाय चालू द्या.

हाताने बदलायचा त्रास नको असेल तर रोझेनपास नावाचा प्रोग्राम आहे, तो क्वांटमला टिकणाऱ्या पद्धतीने दर दोनेक मिनिटांनी नवीन पीएसके ठरवून वायरगार्डला देतो. म्हणजे वर जी "बदलत नाही" ही मर्यादा सांगितली ती तिथे सुटते. मलवाड ही व्हीपीएन कंपनीही टनेलच्या आतून असंच काहीसं करते. घरच्या पायसाठी मला तो उपद्व्याप जास्तीचा वाटतो.

दुरून बदलायचीच असेल तर मी आता काय करतो ते सांगतो. आधी पायवर रूटने परतीची सोय:

```
echo "systemctl restart wg-quick@wg0" | at now + 10 minutes
```

मग नवीन पीएसके फक्त `wg set` ने चालू इंटरफेसवर, फाइलला हात नाही (फाइलमध्ये `SaveConfig = true` असेल तर हा डाव चालत नाही, रीस्टार्ट होताना तो नवीनच लिहून टाकतो). मग लॅपटॉपची ओळ बदलून घड्याळात पूर्ण चार मिनिटं बघत बसायचं, पिंगवर भरवसा नाही. नवीन `latest handshake` दिसला की फाइलमध्ये लिहायचं आणि `atrm` ने ते काम काढून टाकायचं. नाही दिसला तर लॅपटॉपवर जुनी ओळ परत टाकायची आणि दहा मिनिटं थांबायचं, पाय आपणहून जुन्या पीएसकेवर येतो, गाडी काढावी लागत नाही.