निकाल बाजूने लागला, पण साठ दिवस उलटून गेले

प्रश्न: नमस्कार मॅडम. आमच्या शेतजमिनीच्या दाव्याचा ३८ पानी निकाल सोबत चिकटवला आहे. नक्की काय झालं ते सोप्या भाषेत सांगा. १४ जुलै २०२५ ला दावा मंजूर झाला, म्हणजे आम्ही जिंकलो. समोरचे अपील करणार म्हणतात, म्हणून उरलेले १२ लाख अजून भरले नाहीत. पैसे बँकेत तयार आहेत. निकालाची नक्कल २९ ऑगस्टला हातात आली, तर मुदत तिथून मोजायची ना? आज ३० सप्टेंबर. खरेदीखत कधी होईल?

उत्तर: खरेदीखताची तारीख नंतर बघू. आधी निकालाचं शेवटचं पान उघडा आणि आदेशातला चौथा मुद्दा वाचा: ‘वादीने मुदतीत रक्कम जमा न केल्यास दावा रद्द झाला असे समजण्यात येईल.’ उरलेले १२ लाख न्यायालयात भरायला दिलेले ६० दिवस १४ जुलैपासून मोजले तर १२ सप्टेंबरला संपले. आज अठरा दिवस जास्त झाले आहेत. सदोतीस पानं तुमच्या बाजूने आहेत, पण आत्ता तुमचं सगळं या एका ओळीवर अडलं आहे.

हे उत्तर तुम्ही चिकटवलेल्या मजकुरावरून लिहिते आहे. दाव्याचे कागद, रोजनामा आणि निकालावरून कचेरीत तयार होणारा हुकूमनामा मी पाहिलेला नाही, त्यामुळे हा कायदेशीर सल्ला धरू नका. तुमच्या वकिलांकडे जाताना काय विचारायचं, एवढ्यापुरतंच ते वापरा.

‘काय झालं’ ते थोडक्यात. तुमच्या तीन मागण्या होत्या. २०१६ च्या नोंदणीकृत साठेखताप्रमाणे खरेदीखत करून मिळावं, ते शक्य नसेल तर इसाराचे ६ लाख व्याजासह परत मिळावेत, आणि प्रतिवादींना जमीन तिसऱ्याला विकायला मनाई व्हावी. प्रतिवादींचं म्हणणं असं की व्यवहार विक्रीचा नव्हताच, हातउसने घेतलेल्या पैशांना तारण म्हणून साठेखत लिहून दिलं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही, कारण हातउसन्याचा एकही कागद त्यांना दाखवता आला नाही आणि साठेखतावरची सही त्यांनी उलटतपासात कबूल केली. साठेखत शाबीत झालं. तुम्ही व्यवहार पुरा करायला तयार होतात हेही शाबीत झालं. मुख्य मागणी मंजूर झाल्यामुळे इसार परतीचा प्रश्न उरला नाही. मनाई मिळाली, दाव्याचा खर्चही मिळाला.

आदेशाचा क्रम मात्र नीट बघा. पहिला मुद्दा, दावा मंजूर. दुसरा, वादीने आदेशाच्या तारखेपासून ६० दिवसांत उरलेले १२ लाख न्यायालयात जमा करावेत. तिसरा, रक्कम जमा झाल्यावर ३० दिवसांत प्रतिवादीने खरेदीखत करून ताबा द्यावा, न दिल्यास न्यायालयामार्फत करून घ्यावं. चौथा वर सांगितलाच. म्हणजे पहिली पाळी तुमची होती. तुम्ही पैसे भरल्याशिवाय प्रतिवादींवर खरेदीखत करण्याची जबाबदारी येतच नाही. ते इतके दिवस स्वस्थ बसून आहेत यात या आदेशाचा भंग काहीच नाही.

असे निकाल माझ्याकडे नेहमी येतात, आणि बहुतेक वेळा लोकांनी पहिला मुद्दा वाचून पेढे वाटलेले असतात. खरेदीखताचा हुकूमनामा म्हणजे पैसे वसुलीचा हुकूमनामा नव्हे, की बारा वर्षांत कधीही अंमलबजावणीची दरखास्त लावली तरी चालेल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम १२-अ प्रमाणे अशा हुकूमनाम्यात पैसे भरण्याची मुदत घालावीच लागते. आणि ती पाळली नाही, तर मुदतवाढ मिळाल्याशिवाय हुकूमनाम्याची अंमलबजावणी होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रेम जीवन विरुद्ध के. एस. वेंकट रमण या २०१७ च्या निकालात म्हटलं आहे. त्या प्रकरणातही मुदत दोनच महिन्यांची होती. तेव्हा कुणी तुम्हाला ‘आधी दरखास्त टाकू, पैशाचं नंतर बघू’ असं सांगत असेल, तर ऐकू नका.

आता नकलेचा मुद्दा. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वगळायची सोय मुदत कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, पण ती अपिलासाठी. हुकूमनाम्याप्रमाणे पैसे भरण्याच्या मुदतीला ती लागू होत नाही. हुकूमनाम्यावर तारीखही निकालाचीच पडते, तो कचेरीत तयार होऊन सही-शिक्का होईपर्यंत कितीही दिवस गेले तरी. आदेशात ‘आदेशाच्या तारखेपासून’ असं स्वच्छ लिहिलं असताना २९ ऑगस्टपासून मोजायला जागाच राहत नाही. शिवाय नक्कल हातात आली तेव्हाही तुमच्याकडे चौदा दिवस होते. तेवढ्यात एक अर्ज आणि एक चलन सहज झालं असतं. नक्कल मिळायला सहा आठवडे लागावेत याचा मलाही राग येतो. सात वर्षं चाललेल्या दाव्यात जिंकलेल्या माणसाला आदेशाचा कागद इतक्या उशिरा मिळणं चुकीचंच आहे. पण निकाल जाहीर झाला तेव्हा तुमचे वकील न्यायालयात हजर होते, आणि आदेश तिथेच वाचून दाखवला गेला.

समोरचे अपील करणार, ही सबब त्याहून कमजोर आहे. अपील दाखल झालं तरी हुकूमनाम्याला आपोआप स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते आणि वरच्या न्यायालयाने ती द्यावी लागते. इथे तर अपील दाखल झाल्याचाच पत्ता नाही. जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. तुमचं प्रकरण यांपैकी कुठे जाईल हे दाव्याच्या मूल्यांकनावर ठरेल, ते वकिलांकडून कळेल. पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी तुमचे ६० दिवस थांबले नव्हते.

वाट अजून बंद झालेली नाही. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम २८ मध्ये ‘हुकूमनाम्यात दिलेल्या किंवा न्यायालय देईल त्या वाढीव मुदतीत’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि तुमची सगळी भिस्त आता त्यांवर आहे. हा हुकूमनामा दिला म्हणून न्यायालयाचा दाव्यावरचा ताबा संपत नाही. मुदत वाढवायची की करारच रद्द करायचा, हे तेच न्यायालय ठरवू शकतं. ‘दावा रद्द समजावा’ या ओळीमुळे अडचण वाढते, हे खरं. तरी अशा कडक शब्दांतल्या आदेशानेही मुदत वाढवण्याचा अधिकार पुरता संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच महंत राम दास विरुद्ध गंगा दास या प्रकरणात सांगितलं. त्यात मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत दिलेला होता, तुमचा तसा नाही. हा फरक प्रतिवादींचे वकील पहिल्याच तारखेला दाखवून देतील, म्हणून त्याचं उत्तर तुमच्या अर्जातच असायला हवं.

मुदतवाढ हा हक्क नाही, न्यायालयाचा विवेकाधिकार आहे. उशीर किती, कारण काय आणि पैसे खरोखर हातात होते का, यांवर तो वापरला जातो. पलानीचामी चेट्टियार फर्म विरुद्ध अलगप्पन या १९९९ च्या निकालात पाच वर्षं पैसे न भरणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने मुदतवाढ नाकारली. अठरा दिवस आणि पाच वर्षं यांत खूप अंतर आहे. तुमच्या बाजूने सध्या हे अंतरच काय ते आहे, आणि ते रोज कमी होतंय.

तुमच्या निकालाचा परिच्छेद २७ पुन्हा वाचा. तुम्ही ‘तयार आणि राजी’ होतात हे न्यायालयाने तुमच्या पासबुकवरून आणि २०१७ च्या नोटिशीवरून मान्य केलं. कलम १६ प्रमाणे या दाव्याचा पायाच तो. आता ज्याने सात वर्षं ‘माझे पैसे तयार आहेत’ म्हटलं, त्याने आदेश झाल्यावर ते भरले नाहीत, असं चित्र समोर उभं केलं जाईल. त्यावर सर्वांत चांगला पुरावा पुन्हा पासबुकच. १४ जुलैपासून आजपर्यंतचा बँकेचा शिक्क्याचा उतारा काढा. १२ सप्टेंबरला खात्यात किंवा मुदत ठेवीत १२ लाख होते असं त्यात दिसलं, तर तुमचं म्हणणं टिकण्याची शक्यता बरीच वाढते. मधल्या काळात रक्कम कमी झाली असेल तर वकिलांपासून ते लपवू नका.

अर्ज त्याच न्यायालयात, त्याच दाव्यात, कलम २८ खाली करायचा. मुदतवाढ द्यावी आणि १२ लाख जमा करण्याची परवानगी द्यावी, या दोन्ही मागण्या एकाच अर्जात घ्या. सोबत प्रतिज्ञापत्र जोडा. त्यात नकलेचा अर्ज कधी केला, ती कधी मिळाली आणि १२ सप्टेंबरनंतरचे दिवस कशात गेले, हे तारखांनिशी लिहा. ‘अपरिहार्य कारणामुळे’ एवढ्यावर भागत नाही. खरं कारण समजुतीचा घोळ असेल तर तोच लिहा. आजारपणाचा खोटा दाखला जोडलात आणि तो उघडा पडला, तर विवेकाधिकार वापरण्याचं कारणच उरत नाही. रक्कम जास्त दिवस वापरल्याबद्दल व्याज द्यायची तयारी दाखवावी का, हे वकिलांना विचारा. माझ्या मते दाखवावी.

पैसे प्रतिवादींच्या हातात किंवा खात्यावर परस्पर देऊ नका. आदेश न्यायालयात जमा करण्याचा आहे, आणि परवानगी मिळाली की नाझर विभागातून चलन घेऊन तिथेच भरायचे. पावतीची प्रत दाव्याच्या फायलीत लावून घ्या. बारा लाखांचा डिमांड ड्राफ्ट आधीच काढून पहिल्या तारखेला दाखवता आला तर जास्त बरं. तो कुणाच्या नावाने काढायचा हे मात्र नाझरांना विचारून ठरवा.

तुम्ही थांबलात तर काय होईल, तेही कलम २८ मध्येच आहे. प्रतिवादी करार रद्द करण्याचा अर्ज देऊ शकतात. तो मंजूर झाला तर ६ लाख इसार परत देण्याचा आदेश होईलच असं नाही, न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर न्यायालय तसा आदेश करू शकतं. निकालात तुमची इसार परतीची पर्यायी मागणी ‘प्रश्न उरला नाही’ म्हणून सोडून दिलेली आहे, त्यामुळे आज तरी तुमच्या हातात त्या ६ लाखांचाही आदेश नाही.

सातबारा अजून प्रतिवादींच्या नावावर आहे. त्यांनी तिसऱ्याला जमीन दिली का, हे ताज्या सातबाऱ्यावर आणि फेरफारात बघून घ्या. दावा लावताना प्रलंबित दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली होती का, हेही वकिलांना विचारा. महाराष्ट्रात या नोंदणीमुळे पुष्कळ फरक पडतो.

सही-शिक्क्याच्या हुकूमनाम्यात चौथा मुद्दा निकालातल्या शब्दांतच उतरला आहे ना, हे आज संध्याकाळी वकिलांकडे बसून ताडून पाहा, आणि अर्ज उद्याच दाखल करायला सांगा.