लॉगमध्ये t, घातांकात u: वेळ नेमका कुठे वाचतो

प्रश्न: मी बारावी सायन्सला आहे, सीईटी आणि जेईई दोन्ही देणार आहे. लॉग आणि घातांकांचे नियम पाठ आहेत, पण एकेका प्रश्नाला चार-पाच मिनिटं जातात आणि एवढं करून उत्तर चुकतंच. पटकन सोडवायची काही रीत आहे का?

मी नागपुरात महाल भागात अकरावी-बारावीची गणिताची शिकवणी घेते. रविवारी टेस्ट झाली की मुलांकडून उत्तरांच्या आधी रफ कामाची पानं मागून घेते, कारण वेळ कुठे गेला ते त्या पानांवरच दिसतं. तू बारावीचा विद्यार्थी आहेस, म्हणून माझ्या मुलांना सांगते तसंच तुला सांगते.

नियम आठवण्यात फारसा वेळ जात नाही. तो जातो log₂x, log₄x, logₓ2 अशी वेगवेगळी रूपं शेवटच्या ओळीपर्यंत ओढत नेण्यात. सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटंही पूर्ण मिळत नाहीत. तेव्हा दुसऱ्याच ओळीत सगळ्या लॉगना मिळून एक अक्षर द्यायचं आणि समीकरण त्या अक्षरात लिहायचं.

हे उदाहरण घे: log₂x + logₓ16 = 5, तर x च्या सर्व किमतींचा गुणाकार किती?

log₂x = t मान. पाया आणि संख्या यांची अदलाबदल केली की लॉग उलटा होतो, म्हणून logₓ2 = 1/t. 16 म्हणजे 2⁴, म्हणून logₓ16 = 4/t. समीकरण झालं t + 4/t = 5, म्हणजे t² − 5t + 4 = 0. बहुतेक मुलं इथून अवयव पाडतात, t = 1 आणि t = 4 काढतात, मग x = 2 आणि x = 16, मग त्यांचा गुणाकार. सगळं बरोबर आहे, पण यातलं निम्मं काम प्रश्नाने मागितलेलंच नाही. त्याला x चा गुणाकार हवा आहे, आणि गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगची बेरीज. t च्या दोन किमतींची बेरीज समीकरणातच दिसते: 5. म्हणून x चा गुणाकार 2⁵ = 32. मुळं वास्तव आहेत एवढं फक्त बघायचं: 25 − 16 धन आहे, झालं.

घातांकात लॉग असला की मुलं घाबरतात, पण रीत तीच. x^(log₂x) = 8x² घे. दोन्ही बाजूंचा पाया 2 चा लॉग घेतला की डावीकडे t·t आणि उजवीकडे 3 + 2t. म्हणजे t² − 2t − 3 = 0, बेरीज 2, x च्या किमतींचा गुणाकार 2² = 4. इथे एक जागा जपायची: (log₂x)² म्हणजे t², पण log₂(x²) म्हणजे 2t. घाईत कंस गळतो आणि दोन्ही सारखेच वाचले जातात. रफ पानावर कंस मोठा आणि ठळक काढायची सवय लाव.

या समीकरणाची मुळं t = 3 आणि t = −1. दर वर्षी अर्धा वर्ग −1 वर काट मारतो, "लॉग ऋण कसा येईल?" असं म्हणून. लॉग खुशाल ऋण येतो. t = −1 म्हणजे x = 1/2, आणि ताळा बघ: डावीकडे (1/2)^(−1) = 2, उजवीकडे 8 × 1/4 = 2. ही उकल टाकली तर गुणाकार 8 येतो, आणि प्रश्न काढणाऱ्याने 8 हा पर्याय बहुधा ठेवलेलाच असतो.

ही चूक कुठून येते ते कळलं पाहिजे. ती येते घातांकाच्या प्रश्नांतून, कारण तिथे ऋण किंमत खरंच टाकावी लागते. म्हणून मी मुलांना दोन वेगळी अक्षरं वापरायला लावते: लॉगसाठी t, आणि 3ˣ सारख्या घातासाठी u. t संख्यारेषेवर कुठेही असू शकतो. u मात्र 3ˣ च्या आलेखाची उंची आहे, आणि तो आलेख X-अक्षाच्या वरच राहतो, अक्षाला टेकतसुद्धा नाही. अक्षर बघितलं की कुठला नियम लावायचा ते वेगळं आठवावं लागत नाही.

9ˣ − 12·3ˣ + 27 = 0 मध्ये 3ˣ = u. मग u² − 12u + 27 = 0. x च्या किमतींची बेरीज विचारली असेल तर इथे उलटं चालतं: u चे गुणाकार होतात तेव्हा x ची बेरीज होते. u चा गुणाकार 27 = 3³, म्हणून बेरीज 3. (किमती 3 आणि 9 आहेत, म्हणजे x = 1 आणि 2.) आता 9ˣ − 6·3ˣ − 27 = 0 बघ. u चा गुणाकार −27. गुणाकार ऋण दिसला की शॉर्टकट तिथेच थांबवायचा, कारण एक मूळ नक्की ऋण आहे आणि ते बाद होणार. अवयव पाडले की u = 9 आणि u = −3, उकल एकच, x = 2. गुणाकार धन पण बेरीज ऋण असेल तर एकही उकल उरत नाही. म्हणजे u च्या बाबतीत शॉर्टकट लावण्याआधी दोन्ही चिन्हं बघायची, t च्या बाबतीत ती गरज नाही.

पाये दोन प्रकारचे असले की हे जमत नाही असं वाटतं, पण पुष्कळदा जमतं. 4ˣ + 6ˣ = 2·9ˣ मध्ये 2 आणि 3 दोन्ही आहेत. सगळ्याला 9ˣ ने भाग आणि (2/3)ˣ = u मान. u² + u − 2 = 0, म्हणजे u = 1 किंवा −2. −2 बाद, x = 0. मधलं पद 6ˣ आहे, म्हणजे 2ˣ आणि 3ˣ चा गुणाकार, म्हणूनच हे वर्गसमीकरण झालं. 2ˣ + 3ˣ = 13 मध्ये तसं काहीच नाही, तिथे अक्षर मानत बसलास तर मिनिटं जातील. डावी बाजू x बरोबर सतत वाढते, त्यामुळे 13 ही किंमत ती एकदाच घेऊ शकते. x = 2 ठेवून बघ, 4 + 9. संपला प्रश्न.

आता चुकीच्या उत्तरांकडे येते. कामठीहून येणाऱ्या एका मुलीचं पान मी अजून जपून ठेवलं आहे. प्रश्न होता: log₄(x + 5) = log₂(x − 1) ला किती उकली आहेत? तिने उजवी बाजू पाया 4 मध्ये आणली, log₄(x − 1)². मग x + 5 = (x − 1)², x² − 3x − 4 = 0, x = 4 आणि x = −1. एकही पायरी चुकली नव्हती, काम मिनिटाभरात झालं होतं, आणि तिने "2" वर खूण केली. x = −1 ठेवलं तर उजवीकडे log₂(−2) येतो, जो नसतोच. खरं उत्तर 1.

हे अनावश्यक मूळ आत कसं शिरलं बघ. लॉग काढून टाकताना (x − 1) चा वर्ग झाला आणि वर्गाने ऋण चिन्ह झाकलं. शेवटी ताळा करायचा असं सगळ्यांनाच माहीत असतं, पण पेपरमध्ये उत्तर पर्यायात दिसलं की ताळा राहूनच जातो. म्हणून डोमेन शेवटी तपासू नकोस, ते पहिली ओळ म्हणून लिही. या प्रश्नात ती ओळ x > 1 एवढीच आहे, लिहायला पाच सेकंद. पायात x असेल तर पाया धन आणि 1 नाही हेही त्याच ओळीत. मग −1 आलं की नजरेनेच कटतं, परत समीकरणात ठेवावं लागत नाही.

याच्या उलटही होतं. log₃(x²) = 4 मध्ये 2·log₃x = 4 लिहिलं की x = 9 मिळतं आणि −9 हरवतं. इथे डोमेन x ≠ 0 आहे, ऋण x चालतो, म्हणून 2·log₃|x| लिहायचं. सम घात लॉगच्या बाहेर काढताना केवलमूल्याचं चिन्ह, ही सवयच व्हायला हवी. पहिल्या ओळीत डोमेन लिहिलेलं असेल तर ही चूकही पकडली जाते, कारण x ≠ 0 लिहून झाल्यावर फक्त धन उत्तर आलं की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

असमानतेत पाया 1 पेक्षा लहान असला तर चिन्ह उलटतं हे तुला माहीत असेलच, पण उलटवल्यावर मुलं डोमेन विसरतात. पाया 1/2 घेऊन log(x − 3) ≥ −2 असेल तर x − 3 ≤ 4, म्हणजे x ≤ 7. डोमेन x > 3 आधी लिहिलं असेल तर पूर्णांक 4, 5, 6, 7 असे चारच. नसेल तर अनंत.

पर्याय ठेवून बघायचे का, हे मुलं नेहमी विचारतात. "x ची किंमत किती" असा प्रश्न असेल आणि पर्याय 2, 4, 8 असे सरळ असतील तर जरूर ठेव, त्यात कमीपणा काही नाही. पण "किती उकली", "बेरीज किती", "गुणाकार किती" असं विचारलं असेल तर पर्यायांचा काही उपयोग नाही. जेईईत ज्या प्रश्नांना पर्यायच नसतात आणि संख्या टाइप करायची असते, तिथे तर ही वाट बंदच आहे.

सरावासाठी जुन्या पेपरांतले लॉग-घातांकाचे २० प्रश्न काढ आणि ते सोडवू नकोस. प्रत्येकाच्या फक्त दोन ओळी लिही: पहिलीत डोमेन, दुसरीत t किंवा u मधलं समीकरण, किंवा अक्षर चालत नसेल तर "वाढतं फल". एका प्रश्नाला ४० सेकंद, मोबाइलवर टायमर लावून. ज्या प्रश्नात दुसरी ओळ सुचली नाही त्यावर खूण कर आणि संध्याकाळी फक्त तेवढेच पूर्ण सोडव.