सदराखालच्या लेखक-परिचयात काय लिहावं?

प्रश्न: नोकरी सांभाळून एका मासिकात सदर लिहिते. संपादकांनी लेखाखाली टाकायला दोन ओळींचा परिचय मागितलाय. काय लिहू?

उत्तर: लेख संपल्यावर वाचकाला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की हे सांगणारी व्यक्ती कोण आणि तिला हे कुठून माहीत. म्हणून या विषयाशी तुमचा संबंध आधी सांगा. पदव्या, पुरस्कार, छंद नंतर, तेही जागा उरली तर. परिचय तृतीय पुरुषात, पंचवीस-तीस शब्दांत बसवा.

समजा, तुम्ही फिजिओथेरपिस्ट आहात आणि पाठदुखीवर लिहिता. ‘लेखिका उच्चविद्याविभूषित असून त्यांना वाचन व प्रवासाची आवड आहे’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी: ‘लेखिका फिजिओथेरपिस्ट असून बारा वर्षं पाठ आणि मानेच्या रुग्णांवर उपचार करतात. दर महिन्याला या सदरात लिहितात.’ ‘अर्धवेळ स्तंभलेखिका’ म्हणायची गरज नाही, व्यवसाय आधी आला की ते आपोआप कळतं.

नोकरीच्या संस्थेचं नाव घालायचं असेल तर तिथे आधी विचारा आणि ‘मतं वैयक्तिक’ हे दोन शब्द जोडा. लेखात शिफारस केलेल्या वस्तूशी तुमचा आर्थिक संबंध असेल, तर तो परिचयात सांगायलाच हवा. तो नंतर उघड झाला तर वाचकाचा विश्वास उडतो.

सदर महिनोन्‌महिने चालतं आणि जुनाच परिचय पुन्हा छापला जातो. म्हणून ‘नुकतंच’, ‘सध्या’ हे शब्द टाळा आणि नोकरी बदलली की संपादकांना नवा मजकूर स्वतःहून पाठवा.