पाचशे मीटरचा नियम कोर्टात जातो तेव्हा

"घटनात्मक कायद्याच्या स्लाइड्समध्ये अनुच्छेद १३, २२६, अल्ट्रा व्हायरीज, प्रपोर्शनॅलिटी, सेव्हरेबिलिटी सगळं सुटं सुटं दिलंय. पाठ होतंय, पण संबंध लागत नाही. उदाहरणाने कुणी सांगेल का?"

एक वाद कल्पूया. राज्याने अभ्यासिकांसाठी कायदा केला आणि सरकारला फक्त आगसुरक्षा व स्वच्छता यांबाबत नियम करायचा अधिकार दिला. सरकारने दोन नियम काढले: अभ्यासिकेत अग्निशामक हवा, आणि महाविद्यालयापासून ५०० मीटरच्या आत अभ्यासिका नको. पुण्याच्या पेठेत अभ्यासिका चालवणाऱ्या एक बाई दुसऱ्या नियमाविरुद्ध उभ्या राहिल्या.

नियम विधिमंडळाने केलेला नाही, तरी अनुच्छेद १३ मधल्या 'कायदा' या शब्दात नियम आणि अधिसूचनाही येतात. म्हणून मूलभूत हक्कांची कसोटी त्यालाही लागते. बाई उच्च न्यायालयात जातील, कारण अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात फक्त मूलभूत हक्कांसाठी जाता येतं. उच्च न्यायालयाला अधिकार देणाऱ्या २२६ मध्ये मात्र 'अन्य कोणत्याही प्रयोजनासाठी' असेही शब्द आहेत, त्यामुळे नियम मूळ कायद्याबाहेर गेला ही तक्रारही तिथे चालते.

आणि तीच तक्रार आधी तपासायची. बहुतेक उत्तरपत्रिका इथेच घसरतात. 'नियम चांगला की वाईट' यावर पानं भरतात. खरा प्रश्न एवढाच, की हा नियम करायचा अधिकार सरकारला होता का? महाविद्यालयापासूनचं अंतर ना आगीशी जोडलेलं, ना स्वच्छतेशी. नियम अधिकारबाह्य, म्हणजे अल्ट्रा व्हायरीज. कोर्ट इथेच थांबू शकतं, हक्कांपर्यंत जायची गरजही पडत नाही.

आता समजा, सरकारने कायदा दुरुस्त करून अंतराचा अधिकार घेतला आणि तोच नियम पुन्हा काढला. आता १९(१)(छ), म्हणजे व्यवसायाचं स्वातंत्र्य, आणि १९(६) मधलं वाजवी निर्बंधांचं कलम पुढे येतं. प्रपोर्शनॅलिटीची स्लाइड इथली. हेतू योग्य आहे का, उपाय त्या हेतूशी जुळतो का, कमी जाचक उपाय होता का, आणि हक्काचं नुकसान लाभापेक्षा जास्त होतं का? हेतू गर्दी आवरण्याचा असेल, तर आसनसंख्येवर मर्यादा घालून भागलं असतं. पेठांमध्ये ५०० मीटर मोजलं तर जागाच उरत नाही. नियमन म्हणता म्हणता बंदीच होते. निर्बंध वाजवी आहे हे सरकारनेच पटवून द्यायचं असतं.

महाराष्ट्रातल्या डान्स बारच्या प्रकरणात असंच घडलं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक व धार्मिक संस्थांपासून एक किलोमीटर अंतराची अट रद्द केली; संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळेची अट मात्र टिकली. सेव्हरेबिलिटी म्हणतात ती हीच. काढलेल्या भागाशिवाय उरलेला स्वतंत्रपणे चालू शकतो का, एवढं पाहायचं. आपल्या वादात अग्निशामकाचा नियम तसाच राहील आणि बाईंना तो पाळावा लागेल. पण ५०० जाचक वाटले म्हणून कोर्ट त्या जागी १०० लिहून देणार नाही. नवं अंतर ठरवायचं की नाही, हे सरकारकडेच राहतं.