चुन्याच्या निवळीचे अनुमापन आणि आठपट मोठा Ksp

प्रश्न: संपृक्त चुन्याच्या निवळीचे ०.१ M HCl ने अनुमापन करून Ca(OH)₂ चा Ksp काढला, तो ४.३ × १०⁻⁵ आला. पुस्तकात सुमारे ५ × १०⁻⁶ आहे. गाळण्यात चूक झाली असेल का? गाळण कागद ओला करून घ्यावा की कोरडाच?

तुमची चूक झालेली नाही, हे मी इतक्या ठामपणे सांगतो याचे कारण असे की नेमके हेच उत्तर काढल्याबद्दल प्रात्यक्षिक परीक्षेत माझे गुण कापले गेले होते. २५ मिलि निवळीला मला ११.० मिलि आम्ल लागले. म्हणजे OH⁻ ०.०४४ M आणि Ca²⁺ त्याच्या निम्मे, ०.०२२ M, त्यांचा गुणाकार ०.०२२ × (०.०४४)² = ४.३ × १०⁻⁵. परीक्षकांनी वहीवर नजर टाकून "गाळण नीट झालेली नाही, घन पदार्थ खाली उतरला आहे" असा निर्णय दिला. शेजारच्या टेबलावरील विद्यार्थ्याने पुस्तकातील आकड्यावरून उलटे गणित करून ५.४ मिलि हे वाचन लिहिले होते. त्याला पूर्ण गुण मिळाले.

त्या दिवशी जे मला बोलता आले नाही ते असे. Ca²⁺ हे OH⁻ च्या निम्मे असल्याने सूत्रात OH⁻ च्या संहतीचा तिसरा घात येतो, म्हणून Ksp आठपट वाढण्यासाठी आम्ल दुप्पट लागले पाहिजे. जादा लागलेले ५.६ मिलि आम्ल जर खरोखरच निसटलेल्या घन चुन्याने खाल्ले असेल, तर पिपेटमधील २५ मिलि द्रावणात सुमारे २१ मिलिग्रॅम चूर्ण तरंगत असायला हवे. इतके चूर्ण डोळ्यांना दिसल्याशिवाय राहत नाही. निवळी दुधाळ दिसते. शिवाय घन कण असले की अंतिम बिंदूला फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जातो आणि कण हळूहळू विरघळू लागल्यावर थोड्या वेळाने परत येतो, आणि तीन वाचने एकमेकांशी जुळत नाहीत. माझी निवळी काचेसारखी स्वच्छ होती, रंग एकदाच गेला, आणि रात्रभर बूच लावून ठेवून पुन्हा गाळलेल्या निवळीनेही १०.९ मिलिच आम्ल घेतले.

फरक निराळ्याच ठिकाणी आहे. पुस्तकातील Ksp हा आयनांच्या संहतींचा नव्हे, तर त्यांच्या क्रियाशीलतांचा, म्हणजे परिणामकारक संहतींचा, गुणाकार आहे. संपृक्त निवळीत आयन इतके दाट असतात की ते एकमेकांना ओढून धरतात, आणि दोन प्रभार असलेल्या Ca²⁺ ची परिणामकारक संहती प्रत्यक्षाच्या निम्म्याहूनही खाली येते, तर OH⁻ ची सुमारे आठ दशांश राहते. एवढी एकच दुरुस्ती केली तरी ४.३ × १०⁻⁵ चे जवळजवळ १.२ × १०⁻⁵ होतात. उरलेल्या फरकाचा मोठा भाग CaOH⁺ या आयन-जोडीचा आहे: कॅल्शियमचा बराच, अंदाजे चौथा हिस्सा OH⁻ ला धरून बसलेला असतो. अनुमापनाला मात्र ही जोडी वेगळी दिसत नाही, कारण आम्ल मोकळे OH⁻ संपवू लागले की समतोल सरकतो, जोडी सुटते आणि तिचा OH⁻ देखील मोजला जातो. ही जोडी हिशेबात घेतली की उत्तर ७ × १०⁻⁶ च्या आसपास येते. उलट ५ × १०⁻⁶ वरून साधी विद्राव्यता काढून पाहा: ०.०११ M, म्हणजे लिटरला ०.८ ग्रॅम येते, आणि खोलीच्या तापमानाला Ca(OH)₂ प्रत्यक्षात त्याच्या सुमारे दुप्पट विरघळते. म्हणून ५.४ मिलि हे वाचन प्रामाणिकपणे घेतलेल्या संपृक्त निवळीचे असूच शकत नाही.

कागद कोरडाच ठेवावा. गाळलेले द्रावण ज्या चंचुपात्रात घ्याल तेही कोरडेच हवे, कारण पाण्याचे थेंब निवळीला पातळ करतात. अनुमापनाचा शंकुपात्र ओला असला तरी चालतो. पाणी उकळून बंद भांड्यात थंड केलेले घ्यावे. गाळलेली निवळी उघडी राहिली तर हवेतील CO₂ मुळे तिच्यावर कार्बोनेटची साय धरते आणि वाचन कमी येते, जास्त नव्हे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: तुमच्या आम्लाची संहती प्रमाणित केलेली नसेल, तर माझे वरील समर्थन तुम्हाला लागू पडणार नाही, कारण तिथली एक टक्का चूक Ksp मध्ये तीन टक्के होऊन उतरते. तापमानही लिहा, हा पदार्थ थंड पाण्यात अधिक विरघळतो.

वहीत ४.३ × १०⁻⁵ हेच लिहा आणि शेजारी "संहतींवरून, क्रियाशीलतेची दुरुस्ती न करता" अशी नोंद करा. कोणी गाळणीला दोष दिला, तर आपल्या स्वच्छ निवळीच्या २५ मिलिमध्ये २१ मिलिग्रॅम चूर्ण टाकून, हलवून, ते पात्र त्यांच्यासमोर ठेवा.