फीचर्डमधल्या फोटोला काय लिहावं?

"लिंक्डइनच्या फीचर्डमध्ये उद्यमबागेतल्या कामाचा फोटो आणि स्कॅन केलेलं कन्नड सर्टिफिकेट टाकलंय. अंध व्यक्तीला ते कसं कळणार?"

फोटोत जे दिसतं तेच लिहा: "लेथवर पंपाचा शाफ्ट टर्न करताना मी, हातात मायक्रोमीटर." सुरुवातीला ‘फोटो’ लिहू नका, चित्र आहे हे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. पोस्टमधल्या फोटोसाठी हे ALT मध्ये जातं. फीचर्डला थेट अपलोड केलं असेल तर Description मध्ये लिहा. कॅप्शनमध्ये तेच पुन्हा नको, तिथे फोटोत न दिसणारं सांगा: काम कुणासाठी, तुमचा वाटा किती.

खरी अडचण सर्टिफिकेटची. पीडीएफ उघडून एखादा शब्द सिलेक्ट करून पाहा. होत नसेल तर ते नुसतं चित्र आहे, स्क्रीन रीडरला त्यात मजकूरच सापडत नाही. म्हणून कोर्स, संस्था आणि वर्ष Description मध्ये टाइप करा, आणि मूळ कन्नडमध्ये आहे हेही लिहा.